शोकेसमधला टीव्ही: खिडकीची तिरीप आणि कोंडलेला उकाडा

नागपूरच्या प्रतापनगरला माझ्या ताईच्या घरी दिवाणखान्यात भिंतीला टेकून एक प्लायवूडची शोकेस आहे आणि तिच्या मधल्या खणात 43 इंची एलईडी टीव्ही ठेवलेला होता. गेल्या वर्षी मे महिन्यात तो संध्याकाळी दोन-अडीच तास चालल्यावर आपोआप बंद होऊ लागला आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा सुरू होऊ लागला. महिनाभरात पडद्यावर रुपयाएवढे पांढरे गोल डाग दिसू लागले. दुरुस्तीसाठी आलेल्या माणसाने पडदा उघडून दाखवला, तेव्हा आतल्या एलईडी पट्ट्यांवर चिकटवलेल्या प्लास्टिकच्या छोट्या भिंगांपैकी चार भिंगे सुटून तळाशी पडलेली होती. हे भिंग एका एलईडीचा उजेड आजूबाजूला पसरवते. ते गळून पडले की उजेड सरळ समोर येतो आणि तेवढ्याच जागी पांढरा ठिपका दिसतो. भिंग सुटण्याचे नेहमीचे कारण म्हणजे उष्णतेने निकामी झालेला गोंद. टीव्ही तीन वर्षांचाच होता.

ताईचे म्हणणे असे की, नागपूरचा उन्हाळाच असा, त्याला कोण काय करणार. हे अर्धेच खरे आहे. त्या घरात घडले ते असे की, डिसेंबरात पश्चिमेच्या खिडकीतून येणारे ऊन थेट पडद्यावर पडत होते, चित्र फिके दिसत होते, म्हणून माझ्या भाच्याने टीव्हीचा बॅकलाइट शंभरवर नेऊन ठेवला आणि मग तो तिथेच राहिला. मे महिन्यात त्याच शंभर टक्के उजेडाने बंद खणातली हवा तापवली. म्हणजे बिघाड मे महिन्यात दिसला तरी त्याचे मूळ डिसेंबरातल्या तिरपीत होते. शोकेसमध्ये टीव्ही बसवताना वायुवीजन आणि खिडकीचा उजेड हे दोन प्रश्न आपण वेगवेगळे समजतो; प्रत्यक्षात पहिला प्रश्न कितपत अवघड होणार हे दुसऱ्यावर ठरते. म्हणून आधी खिडकीचा हिशेब करावा आणि नंतरच सुताराला बोलवावे.

आरसा घेऊन बसावे

टीव्ही कुठे ठेवायचा हे ठरवण्यासाठी सर्वांत उपयोगी साधन म्हणजे कपाटावरचा किंवा न्हाणीघरातला साधा आरसा. जिथे पडदा येणार तिथे, आणि त्याच खोलीवर, म्हणजे खणाच्या कडेपासून जितका आत पडदा असेल तितक्याच आत, आरसा उभा धरायला एकाला सांगावे आणि आपण सोफ्यावर आपल्या नेहमीच्या जागी बसावे. आरशात खिडकी, उघडे दार, ट्यूबलाइट किंवा ऊन पडलेली चकचकीत फरशी दिसली, तर पडद्यातही तीच दिसणार. आरसा लहान असल्याने तो पडद्याच्या चारही कोपऱ्यांवर आणि मधोमध असा पाच ठिकाणी धरावा लागतो. टीव्ही आधीच घरात असेल तर तो बंद करून काळ्या पडद्याकडे पाहिले तरी हेच कळते.

ही परीक्षा एकाच जागेवर बसून उरकू नये. घरात जिथे जिथे माणसे बसतात त्या प्रत्येक जागेवरून ती करावी, आणि दिवसातून निदान तीनदा: सकाळी नऊ-दहाला, दुपारी तीनला आणि सूर्य मावळण्याआधी तासभर. रात्री दिवे लावूनही एकदा पाहावे, कारण बऱ्याच घरांत खिडकीपेक्षा समोरच्या भिंतीवरची ट्यूबलाइटच जास्त छळते आणि ती हलवणे हे खिडकी झाकण्यापेक्षा कितीतरी सोपे असते.

परीक्षेचा निकाल बहुधा असा लागतो. पडद्याच्या बरोबर समोर खिडकी असेल तर ती जागा सर्वांत वाईट. पडद्याच्या मागे, म्हणजे टीव्ही ज्या भिंतीला आहे त्याच भिंतीत खिडकी असेल, तर पडद्यात प्रतिबिंब पडत नाही, पण बघणाऱ्याच्या डोळ्यांवर बाहेरचा उजेड येतो आणि चित्र काळवंडलेले वाटते. मग पुन्हा बॅकलाइट वाढवला जातो. खिडकी पडद्याच्या बाजूला, काटकोनातल्या भिंतीत असणे सर्वांत बरे.

शोकेसच्या खोल खणात टीव्ही सरकवला की उजेड आपोआप अडतो, असा एक समज आहे. बाजूने येणारा उजेड तो खण खरोखर थोडाफार अडवतो, परंतु समोरून येणारा अजिबात अडवत नाही, आणि प्रतिबिंबाची खरी तक्रार समोरच्या खिडकीचीच असते. उलट पडदा जितका आत, तितकी गरम हवा बाहेर पडायला अवघड. तेव्हा उजेड अडवण्यासाठी म्हणून टीव्ही आत ढकलू नये. पडदा खणाच्या पुढच्या कडेपासून तीन-चार सेंटिमीटरच आत ठेवावा आणि उरलेली सगळी खोली त्याच्या पाठीमागे मोकळी सोडावी.

कोणती भिंत

ताईकडे शोकेस पूर्वेच्या भिंतीला होती आणि चार फुटी खिडकी बरोबर समोर, पश्चिमेला. डिसेंबरात नागपूरला साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि तो बरोबर पश्चिमेला मावळत नाही; पश्चिमेपासून सुमारे 25 अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो. साडेचारला तो क्षितिजापासून जेमतेम 13 अंश वर असतो. एवढे खाली आलेले ऊन सात फुटांवर कड असलेल्या खिडकीतून आत शिरले की बारा फूट रुंदीची खोली ओलांडून समोरच्या भिंतीवर साधारण पावणेचार फुटांच्या उंचीपर्यंत चढते. टीव्ही नेमका तिथेच होता. असे थेट ऊन पडद्यावर पडू देणे चित्रापुरतेच वाईट नाही. ते पडद्याच्या पापुद्र्यांनाही तापवते.

आता शोकेस हलवायची तर उत्तरेच्या भिंतीला की दक्षिणेच्या, हा प्रश्न आला. खिडकी दोन्ही ठिकाणांहून बाजूलाच राहणार होती, त्यामुळे भाऊजींना दोन्ही सारख्याच वाटत होत्या. पण हिवाळ्यातले सायंकाळचे ऊन नैर्ऋत्येकडून येते, म्हणजे पश्चिमेच्या खिडकीतून शिरून ते ईशान्येकडे जाते आणि उत्तरेच्या भिंतीवर तिरके घासत पडते. उत्तरेच्या भिंतीवरचा पडदा दक्षिणेकडे तोंड करून असल्याने ते ऊन झेलत राहिला असता. दक्षिणेच्या भिंतीवर हिवाळ्यात त्या खिडकीचे ऊन पोहोचतच नाही. उन्हाळ्यात चित्र उलटे होते: सूर्य पश्चिमेच्या उत्तरेकडे सरकून मावळतो आणि त्याचे ऊन दक्षिणेच्या भिंतीकडे वळते. पण मार्चच्या अखेरीपासून जूनपर्यंत ताईच्या त्या खिडकीत कूलर बसवलेला असतो आणि वरच्या भागाला बाहेरून हिरवी जाळी बांधलेली असते. नागपुरातल्या अर्ध्याअधिक घरांचे हेच आहे, म्हणून मी म्हणतो की इथे पश्चिमेच्या खिडकीचा त्रास मोजायचा तो हिवाळ्यातच मोजावा.

आणखी एक गोष्ट पाहिली. दक्षिणेची ती भिंत बेडरूमची, म्हणजे घराच्या आतली आहे. जी भिंत बाहेरून दिवसभर ऊन खाते, विशेषतः पश्चिमेची नऊ इंची विटांची भिंत, ती मे महिन्यात रात्री जेवणाच्या वेळीही हाताला गरम लागते. अशा भिंतीला शोकेस टेकवली तर टीव्हीच्या मागची हवा टीव्ही सुरू होण्याआधीच तापलेली असते. रात्री नऊ वाजता भिंतीला तळहात लावून पाहावे; ती ऊबदार लागली तर दुसरी भिंत शोधावी.

उरलेली तिरीप

दक्षिणेच्या भिंतीवर आरसा धरून पुन्हा परीक्षा केली, तेव्हा सोफ्यावरून काहीच दिसले नाही, पण पूर्वेच्या कोपऱ्यातल्या भाऊजींच्या खुर्चीवरून आरशात खिडकीची एक उभी पट्टी दिसत राहिली. हे अपेक्षितच होते: पश्चिमेकडून येणारा उजेड त्या भिंतीवर आपटून पूर्वेकडेच जाणार. अशा वेळी पडदा खिडकीपासून विरुद्ध बाजूला किंचित वळवावा. पडदा जितक्या अंशांनी वळतो त्याच्या दुप्पट अंशांनी प्रतिबिंब सरकते, म्हणून चार-पाच अंशही पुरतात. मात्र 43 इंची टीव्ही सुमारे 96 सेंटिमीटर रुंद असतो आणि तो पाच अंश वळवला की त्याची एक बाजू दुसरीपेक्षा आठ सेंटिमीटर पुढे येते. खणाची खोली ठरवताना एवढी जागा आधीच धरावी. आम्ही खिडकीकडची बाजू पुढे घेतली आणि खुर्चीवरून दिसणारी पट्टी निम्मी झाली.

वरून येणाऱ्या उजेडासाठी, म्हणजे दारावरच्या झरोक्यासाठी किंवा ट्यूबलाइटसाठी, टीव्ही पुढे झुकवणे हा तसाच उपाय आहे. पाच अंश झुकवल्यावर प्रतिबिंब दहा अंश खाली येते, आणि तीन मीटरवर बसलेल्या माणसाच्या दृष्टीने ते अर्ध्या मीटरहून जास्त सरकते. पण झुकलेल्या पडद्यात आता जमीन दिसू लागते, आणि जमिनीवर विट्रिफाइड टाइल असून तिच्यावर उन्हाचा चौकोन पडत असेल तर आगीतून फुफाट्यात पडल्यासारखे होते. एक सतरंजी टाकली की भागते.

निम्म्या उरलेल्या पट्टीसाठी पडदे बदलावे लागले. जुना पडदा खिडकीच्या चौकटीएवढाच रुंद होता आणि त्याच्या दोन्ही कडांनी उजेडाच्या दोन रेघा आत येत होत्या. पडद्याचा रॉड चौकटीच्या दोन्ही बाजूंना किमान 15 सेंटिमीटर पुढे जाईल असा घ्यावा आणि पडद्याला मागून गडद अस्तर लावावे. ज्यांच्या पश्चिमेच्या खिडकीत कूलर नाही, त्यांनी आतल्या पडद्यापेक्षा बाहेरून बांबूची चिक किंवा हिरवी जाळी लावणे चांगले, कारण आतला पडदा उजेड अडवतो पण काचेतून आत आलेली उष्णता खोलीतच ठेवतो. बाहेरची चिक दोन्ही बाहेरच थोपवते.

खणातला उकाडा मोजणे

इथवर आल्यावर मग वायुवीजनाकडे वळावे. टीव्ही जेवढी वीज घेतो ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीत येते. वीज मोजणारे छोटे प्लग मिळतात. तसा एक लावून पाहिला तेव्हा ताईचा टीव्ही बॅकलाइट शंभरवर असताना सुमारे 85 वॉट घेत होता आणि सेट-टॉप बॉक्स आणखी 10 वॉट. म्हणजे बंद खणात जवळपास शंभर वॉटचा जुना पिवळा बल्ब सतत जळत ठेवल्यासारखे झाले. उघड्या भिंतीवर ही उष्णता कुणाच्या लक्षातही येत नाही.

मोजण्यासाठी वायरच्या टोकाला सेन्सर असलेला साधा डिजिटल थर्मामीटर घ्यावा. सेन्सर टीव्हीच्या वरच्या कडेच्या मागे, खणाच्या छतापासून दोन बोटे खाली, लोंबकळता सोडावा. टीव्हीला चिकटवू नये, कारण आपल्याला हवेचे तापमान हवे आहे, पत्र्याचे नव्हे. टीव्ही नेहमीसारखा दोन तास चालवावा आणि खणातले तापमान व खोलीतले तापमान दोन्ही लिहून घ्यावे. पहिल्या दिवशी खोलीत 33 अंश होते आणि खणात 46. महत्त्वाचा आकडा म्हणजे या दोहोंमधला फरक, 13 अंश.

बहुतेक टीव्हींच्या पुस्तिकेत वापरासाठी आजूबाजूच्या हवेचे कमाल तापमान 40 अंश दिलेले असते. मुंबईकराच्या दृष्टीने ही मर्यादा लांब आहे. आपल्याकडे बाहेर 45 अंश असताना कूलर लावलेली खोलीसुद्धा तिच्या जवळ जाते. म्हणून नागपुरात खण आणि खोली यांतला फरक पाच-सहा अंशांच्या आत राखावा, असे मी धरतो. टीव्हीच्या वीजपुरवठ्याच्या बोर्डावर जे कपॅसिटर असतात त्यांच्याबाबत एक जुना ठोकताळा आहे: तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य निम्म्यावर येते. त्या हिशेबाने तेरा अंशांचा फरक काही थोडा नाही.

थर्मामीटर नसला तरी काही खुणा सांगतात. चित्र सुरुवातीला लख्ख असते आणि तास-दीड तासाने आपोआप मंद होते. टीव्ही स्वतःहून बंद होऊन थंड झाल्यावर सुरू होतो. खणाच्या वरच्या फळीवर ठेवलेल्या फोटोफ्रेमचा तळ गरम लागतो. सनमायका वरच्या कोपऱ्यात फुगून सुटू लागतो. ताईकडे यातल्या तीन खुणा होत्या आणि सनमायका निकृष्ट आला म्हणून सुतारालाच बोल लावला गेला होता.

हवेला वाट करून देणे

टीव्हीच्या पाठीवर खाली आणि वर अशा बारीक फटी असतात. थंड हवा खालून शिरते, तापून हलकी होते आणि वरून बाहेर पडते. चुलीच्या धुराड्यात होते तेच. शोकेसने हीच वाट पुढे चालू ठेवायची आहे. खणाला तळाशी आत येण्याची एक वाट आणि अगदी वर बाहेर जाण्याची दुसरी वाट हवी, आणि दोन्ही सारख्याच मोठ्या हव्यात. नुसते वर भोक पाडून भागत नाही, कारण खालून हवा आलीच नाही तर वरून जाणार काय?

मोकळी जागा किती, याचे उत्तर पुस्तिकेत असते आणि ते बहुधा चारही बाजूंना सुमारे 10 सेंटिमीटर असे असते. काही पुस्तिका वरच्या बाजूला याहून जास्त मागतात. आपल्या टीव्हीची पुस्तिका काय म्हणते ते आधी पाहावे. नवी शोकेस करवून घेणाऱ्याने टीव्हीच्या रुंदीत 20 आणि उंचीत किमान 20 सेंटिमीटर मिळवून खण सांगावा. दुकानात सांगतात ती 43 इंच, 55 इंच ही मापे पडद्याच्या कर्णाची असतात हे सुताराला स्पष्ट सांगावे आणि बाहेरून मोजलेली रुंदी व उंची कागदावर लिहून द्यावी, नाहीतर घोटाळा ठरलेला.

ताईचा खण आतून 108 सेंटिमीटर रुंद, 70 उंच आणि 40 खोल होता. टीव्ही पायांसह 62 सेंटिमीटर उंच. म्हणजे बाजूंना सहा-सहा आणि वर आठ सेंटिमीटर. जागा कमी होती, पण शोकेस मोडण्याइतकी नाही. खरी अडचण तीन गोष्टींची होती: मागे सलग सहा मिलिमीटरची प्लाय ठोकलेली, शोकेस भिंतीला घट्ट टेकलेली आणि पुढे धूळ येऊ नये म्हणून सरकत्या काचा. काचा आधी काढून टाकल्या. त्या हवा तर अडवत होत्याच, शिवाय पडद्यापुढे आणखी एक चकचकीत पृष्ठभाग उभा करून प्रत्येक प्रतिबिंब दुप्पट करत होत्या.

मग मागच्या प्लायला दोन आडव्या फटी पाडायच्या ठरल्या. एक खणाच्या तळफळीला लागून, दुसरी छतफळीला लागून, प्रत्येकी एक मीटर लांब आणि पाच-सहा सेंटिमीटर रुंद. शंभर वॉटच्या आसपास उष्णता असलेल्या खणाला नुसत्या हवेच्या ओढीवर फरक आठ अंशांच्या आत ठेवायचा, तर खाली आणि वर प्रत्येकी साधारण साडेपाचशे चौरस सेंटिमीटरची वाट लागते. मीटरभर लांब फट साडेपाच सेंटिमीटर रुंद केली की ती मिळते. पाच-सहा अंशांपर्यंतचे उरलेले काम नंतर बॅकलाइट खाली आणून करायचे. केबल जाण्यासाठी सुतार पाडतो ते दोन इंची गोल भोक जेमतेम वीस चौरस सेंटिमीटरचे असते. अशी चार भोके पाडून हवेची सोय झाली असे समजणारी घरे मी बरीच पाहिली आहेत.

सुतार मिस्त्री म्हणाले, "भाऊ, मागची प्लाय एवढी कापली तं भिंत दिसते ना." दिसते, आणि टीव्ही लावल्यावर दिसत नाही. खालची फट टीव्हीच्या आड जाते आणि वरच्या फटीपुढे टीव्हीची कड येते. पण त्यांचा दुसरा आक्षेप खरा होता: मागची प्लाय शोकेसला कैचीसारखी ताठ धरून ठेवते आणि ती वरून-खालून कापली की सांगाडा डुलू लागतो. म्हणून फटीच्या दोन्ही टोकांना चार-चार सेंटिमीटर प्लाय शाबूत ठेवली आणि आतल्या कोपऱ्यांत लोखंडी एल पट्ट्या मारल्या. वरची फट छताच्या फळीला अगदी चिकटून असावी, याबाबत मी हट्ट धरला. ती पाच सेंटिमीटर खाली घेतली असती तर तेवढ्या उंचीचा गरम हवेचा थर छताखाली कायम अडकून राहिला असता.

शेवटी शोकेस भिंतीपासून सहा सेंटिमीटर पुढे ओढून मागे दोन लाकडी ठोकळे लावले, म्हणजे झाडताना कुणी ती पुन्हा भिंतीला ढकलणार नाही. फटी पाडून शोकेस भिंतीला टेकवली तर सगळे काम वाया. सेट-टॉप बॉक्स टीव्हीखालून काढून शेजारच्या उघड्या खणात नेला.

पाल, धूळ आणि कूलर

फटी पाडल्या की ऊब शोधणाऱ्या पाली आत येतात, आणि वीजपुरवठ्याच्या बोर्डावर आडवी झालेली पाल दुरुस्ती करणाऱ्यांना नवी नाही. जाळी लावावी, पण डासांची बारीक जाळी नको. ती हवेची जवळपास निम्मी वाट खाते आणि धुळीने महिनाभरात बुजते. पाच-सहा मिलिमीटर घराची तारेची जाळी मोठ्या पाली अडवते आणि हवा जाऊ देते. बारीकच लावायची असेल तर फट दीड-दोन पट रुंद करावी. वर्षातून दोनदा, दिवाळीच्या साफसफाईत आणि होळीनंतर कूलर बाहेर काढताना, कोरड्या ब्रशने जाळी आणि टीव्हीच्या पाठीवरच्या फटी झाडाव्यात. ओले फडके तिथे नेऊ नये.

कूलरचा झोत मात्र टीव्हीवर कधीच येऊ देऊ नये. पूर्वीच्या जागी तो बरोबर समोरून येत होता आणि ताईला वाटत होते की त्याने टीव्ही थंड राहतो. कूलरच्या हवेत ओलावा असतोच, पण ताट्या जुन्या झाल्या किंवा पंप जास्त पाणी सोडू लागला की बारीक तुषारही येतात, आणि बोअरच्या जड पाण्याचे ते तुषार वाळले की पडद्यावर आणि फटींवर पांढरी क्षारांची बुट्टी उमटते. कूलरची हवा खोली ओलांडून समोरच्या दाराने बाहेर जावी, आणि टीव्ही त्या वाटेच्या कडेला असावा. दक्षिणेच्या भिंतीवर तो आपसूकच कडेला आला.

ज्यांना लाकडी दारांच्या आडच टीव्ही ठेवायचा आहे त्यांनी दारे अशी करावीत की बघताना ती पूर्ण उघडून बाजूला दुमडता येतील, आणि टीव्ही बंद केल्यावर पंधरा मिनिटांनी लावावीत. दारे बंद राहणारच असतील, किंवा खण भिंतीत कोरलेला असून मागे फट पाडायला जागाच नसेल, तर छोटा पंखा लागतो: यूएसबीवर चालणारा, पाच व्होल्टचा, 12 सेंटिमीटरचा, अर्ध्या अँपिअरपेक्षा कमी वीज घेणारा. तो टीव्हीच्याच यूएसबीला जोडला की बहुतेक टीव्हींवर टीव्हीबरोबर सुरू आणि बंद होतो. पंखा खणाच्या वरच्या कोपऱ्यात हवा बाहेर ओढेल असा बसवावा. उलटा बसवला तर तो धूळ आत भरतो आणि गरम हवा टीव्हीच्या पाठीकडेच ढकलतो. शक्य असेल तिथे मी पंखा टाळतो, कारण दोन उन्हाळ्यांत त्याचे बेअरिंग घरघरू लागते, कुणीतरी वैतागून वायर काढते आणि खण पुन्हा बंदच राहतो.

बॅकलाइट खाली आणणे

हे काम सर्वांत शेवटी करायचे, कारण पडद्यावरची तिरीप गेल्याशिवाय ते टिकत नाही. टीव्हीच्या चित्राच्या मांडणीत `Backlight` असे जे असते ते कमी करावे. `Brightness` वेगळे; बऱ्याच टीव्हींवर ते फक्त काळ्या रंगाची पातळी बदलते आणि त्याने ना उष्णता कमी होते ना डोळ्यांना आराम मिळतो. काही टीव्हींवर नावे उलटसुलट असतात, तेव्हा वीज मोजणाऱ्या प्लगकडे बघत बदलावे: ज्या आकड्याने वॉट कमी होतात तो खरा बॅकलाइट. संध्याकाळी पडदे ओढून 100 वरून पाच-पाचने खाली यावे आणि चित्र मंद वाटू लागेल तिथून थोडे वर थांबावे. ताईकडे ते 45 वर थांबले आणि वीज 85 वॉटवरून 55 वर आली.

नव्या पट्ट्या बसवून, नव्या भिंतीवर, फटी पाडलेल्या खणात टीव्ही लावला आणि तोच थर्मामीटर तसाच लोंबकळत ठेवून दोन तास चालवला. खोलीत 34 अंश, खणात 38. या मे महिन्यातल्या सर्वांत तापलेल्या एका संध्याकाळी, वीज गेल्यामुळे कूलर बंद आणि टीव्ही इन्व्हर्टरवर अशा अवस्थेत खोली 38 वर गेली आणि खण 42 वर. तेव्हा ताईने स्वतःहून टीव्ही बंद केला. डिसेंबरात साडेचारला मी पुन्हा एकदा भाऊजींच्या खुर्चीवर बसून पाहिले. टीव्हीच्या पडद्याच्या डाव्या कडेला बोटभर उजळ रेघ होती, अस्तर खिडकीच्या तळाशी दोन इंच आखूड पडले होते. ताईने शिलाई उसवून ते सोडले.